चुकाऱ्याच्या दिवशी आधी दोघांची रक्कम

"भाऊ, वहिनी तं घरीच असते. तिले हातखर्चाले पैसे काऊन देता? अन् घरच्या पैशाच्या गोष्टीत तिचं मत बरोबरीचं, थे जमते कसं?"

आमच्याकडे सगळा पैसा माझ्या नावावर येतो, हे त्याचं कारण. सातबारा माझा, म्हणून पीक कर्ज माझ्या नावावर. पीएम-किसानचे हप्ते माझ्या खात्यात, जिनिंगवाल्याचा चुकाराही माझ्याच खात्यात. स्वयंपाक, दोन गाई, बाबांच्या गोळ्या, पोरांची शाळा, वेचणीच्या दिवसांत बायांनी आणलेल्या कापसाचं रोज संध्याकाळी वजन करून वहीत मांडणं, हे सगळं ती करते. यातल्या एकाही कामाचा पैसा तिच्या नावावर जमा होत नाही. तो तिच्यापर्यंत पोचायचा तर काही ठरलेली रीत लागते. रीत नसली की बाईला दर वेळी मागावं लागतं आणि मागताना कारण सांगावं लागतं.

पगारदाराला हे सोपं आहे, एक तारखेला रक्कम द्यायची. आमचं वावर कोरडवाहू, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. पैसा वर्षातून तीन-चार वेळा येतो: दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा, मग फेब्रुवारीपर्यंत वेच्यामागून वेचा कापसाचा आणि शेवटी तुरीचा. त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत पैसा फक्त जातो. अशा घरात नोव्हेंबरात दिलेला 'दर महिन्याला देईन' हा शब्द मार्चमध्ये टिकत नाही. माणूस वाईट असतो म्हणून असं होत नाही. मार्चमध्ये हातात जे उरलेलं असतं त्याच्यावर ट्रॅक्टरवाला, कृषी केंद्र आणि लग्नसराई असे तिघं आधीच डोळा ठेवून असतात. म्हणून महिन्याची रक्कम ठरवायची, पण ती बाजूला काढायची चुकाऱ्याच्या दिवशी, सहा महिन्यांची एकदम.

रक्कम किती, हा प्रश्न सगळे विचारतात आणि बहुतेकजण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. "तिले लागते काय?" असं विचारलं की बाई स्वतःच शंभर-दोनशे सांगते, कारण लागत नाही म्हणायची तिला सवय असते. मोजायचा तो पुरुषाचा खर्च. चहा, खर्रा, मोबाइलचा रिचार्ज, बाजाराच्या दिवशी मित्रांसोबतचा नाश्ता. हा खर्च दहा-वीस रुपयांनी होतो आणि कुठेच लिहिला जात नाही. रोजचे वीस धरले तरी महिन्याचे सहाशे होतात. आम्ही तोच आकडा दोघांसाठी धरला. तिचे सहाशे, माझे सहाशे. माझेही त्याच्या आतच बसले पाहिजेत.

आता प्रत्यक्ष हिशोब. सहा एकरांपैकी तीन एकर सोयाबीन, तीन एकर कापूस आणि त्यात तुरीची तासं. बऱ्यापैकी वर्षी सोयाबीन सतरा क्विंटल झालं, 4,200 चा भाव मिळाला, तर साधारण 71,000 येतात. सोंगणी, थ्रेशर आणि सोयाबीनच्या बियाण्या-खताची उधारी यात 34,000 जातात. उरलेल्या 37,000 मधून आधी 3,600 तिच्या खात्यात आणि 3,600 माझे बाजूला निघतात. बाकीच्या सहा महिन्यांचे असेच कापसाच्या दुसऱ्या वेच्याच्या चुकाऱ्यातून. घरखर्चाची वाटणी या दोन रकमा निघाल्यानंतर होते.

या सहाशेत काय येत नाही, हे ठरवणं रकमेपेक्षा महत्त्वाचं आहे. किराणा, पोरांच्या वह्या, दवाखाना, नात्यातल्या लग्नाचा आहेर, राखीला माहेरी जायचं तिकीट हा घराचा खर्च. तो तिच्या पैशातून व्हायला लागला तर दोन महिन्यांत तिची रक्कम पोरांच्या दप्तरात जाते आणि कागदावर मात्र आपण देतच असतो. दुसरी गोष्ट म्हणजे हिशोब विचारायचा नाही. "काय घेतलं?" हे कौतुकानं विचारलं तरी तिला उत्तर द्यावंच लागतं. तिनं साडी घेतली, बहिणीच्या पोरीला दिले, गटात भरले किंवा तसेच ठेवले, तो तिचा विषय.

ही रीत बिघडली की कसं ओळखायचं? बाई कोठीतली पायलीभर तूर गुपचूप दुकानात देऊन रोख आणते. किराण्याच्या उधारीच्या वहीत साबणाच्या नावानं दुसरंच काही लिहिलेलं असतं. माहेरून येताना तिच्याकडे पैसे असतात आणि ते घरी कुणाला माहीत नसतात. आपल्या गावागावांत बाया हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत आणि त्याला चोरी म्हणणं अन्याय आहे, कारण ते धान्य तिचंही असतं. तिला लपवावं लागतंय, एवढाच त्याचा अर्थ.

लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून सुरू झाली आणि एक नवीन पळवाट निघाली: "तुले सरकार पंधराशे देते नं, मग माह्याकडून कायले?" ते पैसे तिचे आहेत. पीएम-किसानचा हप्ता येतो म्हणून माझा खर्रा कुणी बंद केला नाही. शिवाय योजनेचा हप्ता कधी वेळेवर येतो, कधी दोन मिळून येतात. त्याच्या भरवशावर घरातली ठरलेली रक्कम काढून घेता येत नाही.

तिची रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात असावी, याला आमच्या भागात एक रोकडं कारण आहे. पीक कर्ज थकलं की बँक शेतकऱ्याच्या बचत खात्याला होल्ड लावते, मग त्यात अनुदान आलेलं असो की आणखी काही. कर्जदाराचं नाव असलेलं संयुक्त खातंही त्यात अडकू शकतं. ती त्या कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्या वेगळ्या खात्यातले पैसे मोकळे राहतात. घरखर्चाचं खातं मात्र दोघांचं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' या पद्धतीचं, आणि एटीएम कार्ड दोघांकडे. सर्वोच्च न्यायालयानं 10 जुलै 2024 च्या पोटगीच्या एका निकालात घर सांभाळणाऱ्या बायकोसाठी संयुक्त खातं आणि एटीएम या दोन्हींचा उल्लेख केला आहे. गावात कुणी "हे कुठलं नवं काढलं?" म्हणालं की मी ते सांगतो.

आता मताचं. प्रत्येक गोष्ट दोघांनी बसून ठरवायची म्हटलं तर घर चालत नाही. दोन हजारांच्या आतला खर्च ज्याचं काम त्यानं करावा. त्यावरचा खर्च दुसऱ्याला सांगून. आणि चार गोष्टींना दोघांचा होकार लागतोच: कर्ज, कुणाला उसने देणं, कुणाला जामीन राहणं आणि दागिना गहाण टाकणं. यात एकाचा नकार आला तर ती गोष्ट होत नाही. कापूस आता विकायचा की थांबायचं यावर आमचं दर वर्षी वाजतं. तिथे नकारानं काम भागत नाही, कारण न विकणं हाही निर्णयच असतो. घरात ठेवलेल्या कापसाचं वजन घटतं आणि घरभर खाज सुटते ती वेगळीच. म्हणून मत जुळलं नाही तर अर्धा विकायचा, अर्धा ठेवायचा.

नकाराचं उदाहरण बोअरचं आहे. मला बोअर पाडायचा होता. मोटर, पाइप सगळं मिळून सव्वा लाखाचा अंदाज. चाळीस हजार हातात होते, पंच्याऐंशी हजार नात्यातून शेकडा दोन रुपये महिन्यानं मिळत होते. मी पाण्याचा विचार करत होतो, तिनं महिने मोजले. पंच्याऐंशी हजारांचं व्याज महिन्याला सतराशे, वर्षाला वीस हजारांवर. हे कोणत्या पिकातून द्यायचं? शेजारच्या धुऱ्यावरचे बोअर फेब्रुवारीत आटतात, मग रब्बी किती निघणार? आणि जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकाच पंधरवड्यात येतात, तेव्हा घरात रोख काय असेल? जूनचं गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, कारण त्या महिन्यात किराण्याच्या दुकानात तिला उभं राहावं लागतं. तिनं नाही म्हटलं, बोअर झाला नाही. चाळीस हजारांतून त्या वर्षी बियाणं आणि खत रोखीनं आणलं. कृषी केंद्रात उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांत फरक असतो, तो वाचला.

बरोबरीचं मत मला इतकं गरजेचं का वाटतं, तेही सांगतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर सावकार, कृषी केंद्रवाला, हातउसने देणारे असे एकेक जण दारात येतात आणि त्या बाईला तो आकडा पहिल्यांदा तेव्हा कळतो. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या कर्जावर बायकोचा होकार लागतो, ते कर्ज तिला माहीत असतं. दोघं मिळून कर्जाकडे बघितलं तर त्याच्यातून वाटही निघू शकते.

जमिनीचंही असंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करा असं लक्ष्मीमुक्तीचं आवाहन केलं होतं. पुढे 1992 मध्ये शासनानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज द्यायचा, मग फेरफार होतो. अट एवढीच की जमीन नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर हवी. भावांची सामाईक असेल तर आधी वाटणी. आमची वाटणी झालेली आहे आणि अर्ज दिला आहे.

या सगळ्याची परीक्षा 2025 च्या पावसाळ्यात झाली. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, तीन एकरांत सहा क्विंटल हाती आलं, तेही डागी. चोवीस हजारांच्या आसपास आले आणि त्यातले निम्मे सोंगणी-थ्रेशरला गेले. ती म्हणाली, "माहे यंदा राहू द्या." मी ते मानलं नाही, कारण अडचणीच्या वर्षी जी रक्कम पूर्ण बंद होते, ती पुढच्या वर्षी परत सुरू होईलच असं नसतं. बराच वेळ बोलून तिचे तीनशे, माझे तीनशे असं ठरलं. कृषी केंद्राची उधारी कापसाच्या चुकाऱ्यावर ढकलली, आणि तूर जूनपर्यंत विकायची नाही हे तिनं सुचवलं, मी मान्य केलं.