पावणेसतरा मिनिटांचे भाषण मांडवात साडेएकवीस मिनिटांचे झाले, तो दिवस

सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि तिच्या कामकाजात अध्यक्षांच्या भाषणाला मिळणारा वेळ आधीच ठरलेला असतो. आमच्या कारखान्यात २०२५ च्या सभेसाठी तो १८ मिनिटे होता. त्यानंतर विषयपत्रिकेवरचे ठराव, मग सभासदांचे प्रश्न. अध्यक्षा ताई नव्याने निवडून आलेल्या होत्या आणि सभासदांसमोर अध्यक्ष म्हणून त्यांचे ते पहिलेच भाषण होते. भाषणाची तयारी करून घेण्याचे काम कार्यालयात पूर्वीपासून माझ्याकडे आहे, पण सभेच्या आदल्या दिवशी मांडवात जे घडले ते मी त्याआधी इतक्या स्पष्टपणे कधी पाहिले नव्हते.

सुरुवात आम्ही लिखित भाषणाने केली नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच मुद्दे लिहिले आणि प्रत्येकासमोर मिनिटे मांडली: स्वागत २, गेला हंगाम ४, ऊसदर आणि देणी ५, सहवीज प्रकल्प ४, येता हंगाम २. एकूण १७, म्हणजे एक मिनिट हातात. मुद्दा नुसत्या नावाने न लिहिता पूर्ण वाक्यात लिहायचा, असा माझा आग्रह असतो. ‘सहवीज प्रकल्प’ असे लिहिले तर त्याखाली काहीही बोलता येते. ‘सहवीज प्रकल्पाचे कर्ज कधी फिटेल ते सांगणे’ असे लिहिले की बोलणाऱ्याला आपण कुठे थांबायचे तेही कळते. आराखडा जमला की नाही हे तपासायची माझी पद्धत अशी की कागद उलटा ठेवायचा आणि सगळे भाषण दोन मिनिटांत सांगायचे. ताई ऊसदरावरून थेट येत्या हंगामावर गेल्या, मधला प्रकल्प त्यांना आठवलाच नाही. तो मुद्दा दराशी जोडलेला नव्हता, म्हणून निसटला. वीजविक्रीचे पैसे आल्यावर दराला काय हातभार लागेल, हे एक वाक्य मध्ये घातल्यावर तो पुन्हा सुटला नाही.

यानंतर त्या आराखड्यावरून मोठ्याने बोलल्या. मी फोनवर ध्वनिमुद्रण केले आणि त्यांच्याच बोलण्यातून संहिता उतरवून काढली. हा क्रम उलटा वाटतो, पण कार्यालयात बसून लिहिलेली वाक्ये तोंडात बसत नाहीत. माझ्या जुन्या मसुद्यात ‘गाळप हंगामाच्या अखेरीस संस्थेने साध्य केलेले उद्दिष्ट’ असे होते. ताई म्हणाल्या होत्या, ‘आपण ठरवलं होतं तेवढं गाळप झालं.’ संहितेत दुसरे वाक्य गेले. मोठ्याने बोलण्याच्या फेरीत मी चुका मोजत नाही. बोलणारा श्वास कुठे घेतो आणि एखादे वाक्य दुसऱ्यांदा कुठे सुरू करतो, एवढेच ऐकतो. जे वाक्य दुसऱ्यांदा सुरू करावे लागते ते बहुधा लांब असते, आणि ते मोडून दोन करणे हाच उपाय.

आकड्यांचा प्रश्न इथेच समोर आला. कागदावर ‘४,२४,७३०’ हा एकच शब्द दिसतो, उच्चारताना तो ‘चार लाख चोवीस हजार सातशे तीस’ असा सहा शब्दांचा होतो. शब्द मोजून वेळेचा अंदाज बांधणारे नेमके इथे फसतात. म्हणून संहितेत सगळे आकडे अक्षरी लिहिले आणि मगच शब्द मोजले; सुमारे अठराशे भरले. ताईंचा वेग मिनिटाला शंभराहून थोडा जास्त पडत होता, तेव्हा हिशेब बसला.

घड्याळ मी सगळ्यात शेवटी आणतो. आधीच आणले तर बोलणारा अर्थाऐवजी वेळेच्या मागे धावतो. फोनमधल्या स्टॉपवॉचला ‘लॅप’ची सोय असते, प्रत्येक मुद्दा संपला की ते बटण दाबायचे, म्हणजे पाच वेगळ्या वेळा हाती येतात. नुसती एकूण वेळ कळून उपयोग नसतो, कारण भाषण लांबले हे कळते पण कुठे लांबले ते कळत नाही. बैठकीच्या खोलीतल्या शेवटच्या फेरीत स्वागत २:०५, हंगाम ४:१०, दर ४:५५, प्रकल्प ३:५० आणि समारोप १:५० असे आले. एकूण १६:५०. ताई समाधानी होत्या. मीही होतो, पण मांडवातली फेरी मी सोडत नाही.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मांडव उभा राहिला, कर्णे बांधून झाले आणि साउंडवाल्याने माईक दिला. समोर खुर्च्या लावणारी पोरे सोडली तर कोणी नव्हते. संहिता तीच, बोलणाऱ्या ताई त्याच. लॅप मात्र असे पडले: ३:४०, ५:३५, ६:००, ४:२०, २:००. एकूण २१:३५. ताई व्यासपीठावरून म्हणाल्या, ‘सर, घड्याळ बिघडलंय का? मी तर एक शब्दही वाढवला नाही.’

एक शब्दही वाढवला नाही, हे पहिल्या मुद्द्यापुरते खरे नव्हते. सकाळी व्यासपीठावरच्या पाहुण्यांची सुधारित यादी आली होती, तिच्यात नावे वाढली होती आणि प्रत्येक नावामागे पदे आणि विशेषणे होती. आपल्याकडच्या सभांमध्ये हा भाग कोणी भाषणात धरतच नाही, त्यामुळे त्याची तालीमही होत नाही आणि घड्याळ तर त्यावर कोणी लावतच नाही. मुख्य पाहुणे आणि माजी अध्यक्ष एवढीच नावे घ्यायची, बाकी सगळ्यांचे स्वागत सूत्रसंचालकाने नावानिशी आधीच केलेले असेल, असे ठरवले. कोणी रुसेल का, यावर थोडी चर्चा झाली. ताईंनी ती दोन वाक्यांत संपवली: ‘रुसणारे रुसू देत. सभासद उन्हात बसलेले असतात.’

पण हंगाम आणि दर हे दोन मुद्दे मिळून अडीच मिनिटांनी लांबले होते आणि तिथे खरोखरच एकही शब्द वाढला नव्हता. मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. ताई प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर ताणत होत्या आणि आकड्यांच्या मध्ये थांबत होत्या. कारण मांडवात उभे राहिल्यावर लगेच कळले. डावीकडचा कर्णा साखर गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून बांधला होता आणि ती भिंत सुमारे पन्नास मीटरवर होती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला जवळजवळ ०.३ सेकंद लागत होते. एवढ्या वेळात माणूस पुढची एक-दोन अक्षरे बोललेला असतो. स्वतःचाच आवाज असा उशिरा कानावर आला की जीभ नकळत त्याची वाट पाहू लागते, वेग पडतो आणि अवघड शब्दांवर अडखळायला होते. बोलणाऱ्याला वाटते की आपण नेहमीसारखेच बोलतो आहोत. खोलीतले आणि मांडवातले ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकल्याशिवाय फरक लक्षात येत नाही.

त्या अडखळण्याने आणखी एक गोष्ट उघड केली. तोडणी-वाहतुकीचा खर्च टनाला ८७९ रुपये होता आणि ताई ‘आठशे एकोणसत्तर’ म्हणून गेल्या. मराठीत एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे जोडीने चुकणारे आकडे आहेत, लक्ष दुसरीकडे गेले की हमखास चुकतात. इथे चूक टनाला दहा रुपयांची होती. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, ठरवलेली. तीतून तोडणी-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडते, हे समोरचा प्रत्येक सभासद मनात मांडत असतो आणि छापील अहवाल त्याच्या मांडीवर उघडा असतो. हा आकडा चुकला असता तर पुढची पाच मिनिटे भाषण कोणी ऐकले नसते.

तेव्हा आकड्यांचे दोन भाग केले. ज्यावर पैसे ठरतात ते आकडे रुपयापर्यंत अचूक ठेवले, अक्षरी आणि मोठ्या टाइपात, प्रत्येक आकडा एका ओळीत, म्हणजे ओळ मोडून आकडा दुभंगणार नाही. बाकीचे बोलीतल्या मापात आणले. ‘चार लाख चोवीस हजार सातशे तीस’ऐवजी ‘सव्वाचार लाख टन’. नेमका आकडा अहवालात आहेच. सव्वा, साडे, पावणे ही आपली मापे भाषणात फार उपयोगी पडतात, कारण ऐकणाऱ्याला ती एकदाच ऐकून लक्षात राहतात. मात्र दराच्या बाबतीत ‘सुमारे’ हा शब्द सभासदांना संशयास्पद वाटतो, तिथे तो मी येऊ देत नाही.

साउंडवाल्याने गोदामाकडचा कर्णा फिरवून मांडवाच्या लांबीच्या दिशेने केला आणि ताईंच्या पायाशी, त्यांच्याकडे तोंड करून एक छोटा बॉक्स ठेवला, जेणेकरून स्वतःचा आवाज त्यांना उशीर न होता ऐकू यावा. तो म्हणाला, ‘भजनवाले आले की हे पहिलं मागतात, भाषणवाले कधी मागत नाहीत.’ दुसऱ्या फेरीत लॅप १:१५, ४:२०, ५:१५, ४:०५ आणि २:०० पडले. एकूण १६:५५. टाळ्या, घोषणा आणि पाणी प्यायला मिनिटभर राहिले.

शेवटचे काम टेबलावरचे होते. संहितेत प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी समासात तोपर्यंतची एकूण वेळ लाल शाईने लिहिली: १:१५, ५:३५, १०:५०, १४:५५. प्रकल्पाच्या मुद्द्यातल्या दोन परिच्छेदांना पेन्सिलीने कंस केला. ते सोडले तरी मागचे-पुढचे वाक्य जुळते, याची दोनदा मोठ्याने बोलून खात्री केली. भाषण कापायचे ठिकाण असे आधी ठरलेले नसेल तर ऐन वेळी माणूस शेवट कापतो किंवा भरभर वाचू लागतो, आणि दोन्हींत सभासदांना काहीतरी लपवल्यासारखे वाटते.

सभेत दराचा मुद्दा चालू असताना मधल्या रांगेतून एक सभासद उठून बोलू लागले. ताई थांबल्या, प्रश्नोत्तरात पहिला प्रश्न त्यांचाच घेऊ असे म्हणाल्या आणि ‘आठशे एकोणऐंशी’पासून पुढे निघाल्या. दर संपला तेव्हा माझ्या घड्याळात बारा मिनिटे उलटून गेली होती आणि समासात १०:५० होते. त्यांनी पेन्सिलीच्या कंसातले दोन्ही परिच्छेद सोडले. भाषण १७:३५ ला संपले आणि सूत्रसंचालकाने पहिला ठराव वाचायला घेतला. त्या सोडलेल्या परिच्छेदांतली कर्जाच्या हप्त्यांची माहिती प्रश्नोत्तरात एका सभासदाने विचारलीच. ताईंनी तो कागद पुढे ओढून ते दोन परिच्छेद तिथे वाचले.