वाक्यार्थयंत्र: खापर फुटलं, राम अडला

मराठी वाक्याचा अर्थ सूत्रात मांडून तो सोप्या मराठीत परत सांगणारा प्रोग्रॅम मी लिहितोय, तेच हे वाक्यार्थयंत्र. 'पराभवाचं अर्धं खापर हवामानावर फोडलं, उरलेलं निवड समितीवर.' नापास फायलीत धूळ खात पडलेलं हे वाक्य अखेर पास झालं! यंत्राने दोष दोन वाटण्यांत मांडला आणि 'उरलेलं' कशातलं तेही बरोबर ओळखलं.

जुन्या आवृत्तीत 'खापर फोडणे' हे एकच जाडजूड टोकन, म्हणजे यंत्रासाठी एकसंध शब्द होता, अर्थ 'दोष देणे'. साध्या वाक्यांना ते पुरायचं. पण 'अर्धं' आलं की ते चिकटवायला आत नामच नसायचं, आणि 'उरलेलं' बोट दाखवणार तरी कशाकडे? आता टोकन फोडलंय. खापर म्हणजे दोष, फोडणे म्हणजे कुणावर तरी टाकणे, आणि हे अर्थ फक्त एकमेकांच्या सोबतीनेच लागू. नूनबर्ग, सॅग आणि वॅसो या भाषाशास्त्रज्ञांनी 1994च्या लेखात मांडलेली हीच वाट: बऱ्याच वाक्प्रचारांचा अर्थ त्यांच्या तुकड्यांत वाटलेला असतो. म्हणजे भागांच्या अर्थावरून वाक्याचा अर्थ बांधायचा नियम शाबूत राहतो, फक्त कोशातली नोंद लांबते. 'फुटणे'ला तशीच जोडनोंद दिल्यावर 'शेवटी खापर माझ्यावरच फुटलं' हेही आयतंच सुटलं. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, तेच वाक्य परत परत चालवत बसलो.

मग राम आला. 'म्हातारीने राम म्हटला' हे वाक्य दिलं आणि सोप्या मराठीत उत्तर मिळालं: 'म्हातारीने मेला'.

हसून झाल्यावर कारण शोधलं. वाक्प्रचाराचा अर्थ 'मरणे' असला तरी त्याचं व्याकरण 'म्हणणे'चं आहे. म्हणून कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद म्हातारीशी नाही, रामाशी जुळतं. यंत्राने अर्थ बदलला, पण 'ने' आणि पुल्लिंग तसंच पुढे ढकललं. इथे खापराची युक्तीही चालत नाही, कारण रामाच्या वाट्याला मरणाचा कुठला तुकडा द्यायचा? 'अर्धा राम म्हटला' असं कोणी म्हणत नाही. सगळा अर्थ एका जागी, शब्द मात्र दोन.

सध्याचा उपाय एनएलटीके या भाषाप्रक्रियेच्या पायथन संचाच्या व्याकरणात असा:

```
V[SEM=<\y x.die(x)>, OBJ=ram, SUBJ=erg] -> 'म्हटला'
```

म्हणजे क्रियापद रामाला `y` म्हणून घेतं आणि अर्थामध्ये कुठेच वापरत नाही. जुळणी होते, 'ने' बसतो, राम गिळला जातो. सोपं वाक्य आता `die(x)` वरून नव्याने बांधतो, त्यामुळे 'म्हातारी मेली' येतं. (एनएलटीके संथ आहे, चुकांचे संदेश तर संतापजनक, पण लॅम्डा, म्हणजे अर्थात भरायच्या `y`, `x` सारख्या रिकाम्या जागा, इतक्या उघड दिसतात म्हणून मी ते सोडत नाही.)

प्रश्न मिटला असं वाटेपर्यंत 'म्हातारी तीन आठवडे राम म्हणत होती' चालवून पाहिलं, तर यंत्राने तिला तीन आठवडे मरायला लावलं. 'तीन आठवडे मरत होती' हे मराठीत चालतं, पण राम म्हणत होती म्हटल्यावर आपण फक्त नामस्मरणच ऐकतो. इंग्रजीत मरण्यासाठी वापरतात त्या बादलीला लाथ मारण्याच्या वाक्प्रचाराचीही हीच गत आहे: मरण रेंगाळू शकतं, लाथ नाही. म्हणजे अर्थ पूर्ण गिळल्यावरही मूळ क्रियापदाचं क्षणिकपण मागे उरतं. फक्त भूतकाळी रूपं नोंदवून सुटका नाही, कारण 'आज ना उद्या राम म्हणणारच' हे मरणाच्या अर्थाने बिनदिक्कत चालतं. त्यामुळे चालू क्रियेला मनाई करणारं वेगळं लक्षण हवं, आणि ते प्रत्येक नोंदीत हाताने न भरता मूळ 'म्हणणे'कडून वारशाने यायला हवं. तो वारसा कसा पोचवायचा यावर सध्या घोडं अडलंय.

शालेय वाक्प्रचार-याद्या इथे कुचकामी आहेत. समोर एक अर्थ लिहितात, कर्त्याला कोणता प्रत्यय, कोणतं रूप चालत नाही, याचा पत्ता नाही. मोल्सवर्थच्या कोशात निदान कोणता शब्द कोणाच्या संगतीत येतो ते सापडतं, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधताही येतो.

पुढे 'कान भरणे' घेणार होतो. पण हे लिहिता लिहिता एक मथळा डोक्यात आला: 'पराभवाचं खापर गोलंदाजांवर'. क्रियापदच नाही! माझी जोडनोंद 'फोडणे' किंवा 'फुटणे' शोधत बसणार आणि गोलंदाजांवर खरोखरचं मातीचं खापर ठेवणार. मग अट क्रियापदावर न ठेवता 'कशाचं खापर कुणावर' या साच्यावरच ठेवली तर? 'चं'च्या आधी घटना असेल तर दोष, मडकं असेल तर माती. 'मडक्याचं खापर ओट्यावर' तेवढ्याने वेगळं पडेल. कान राहू देत, आधी मथळ्यांची फाईल तयार करतो.