वीस मिनिटांचा डबा

दादरच्या ज्या अभ्यासिकेत मी बसायचे, तिथला नियम मला अजून खुपतो. आत खायचं नाही, आणि वीस मिनिटांहून जास्त बाहेर राहिलं की जागा दुसऱ्याला. बी.कॉम.ची शेवटची परीक्षा सहा आठवड्यांवर होती, वजन 74 किलो होतं, आणि ते परीक्षा होईपर्यंत थोडं तरी उतरवायचंच असं मी ठरवलं होतं.

सकाळी वाटीभर पोहे खाऊन डोंबिवलीहून निघायचे. दुपारी जागा जाईल म्हणून डबा उघडायचेच नाही. तेवढंच वजन उतरेल असंही वाटायचं. उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायचे. चार वाजले की कॉस्टिंगचं एकच गणित तीनदा वाचूनही आकडे डोक्यात शिरत नसत, कपाळ ठणकायचं. सातला स्टेशनबाहेर दोन वडापाव, घरी पुन्हा भरपेट भात. एक वडापाव साधारण 300 कॅलरीचा, म्हणजे दुपारी वाचवलेलं रात्रीपर्यंत भरून निघायचं. दोन आठवड्यांनी काटा 74 वरच.

शेवटी तिथल्या काकांना विचारलं, "काका, वही ठेवून जिन्यात डबा खाल्ला तर चालेल का?"

"वही सगळेच ठेवतात गं. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं."

इतका राग आला की त्या दिवशी पुढे वाचलंच नाही. परवानगीसाठी अर्ज दिला, आठवडाभर वाट पाहिली, उत्तर आलं नाही. एकला बेसिनपाशी रांग लागते, त्यातच दहा मिनिटं जातात, हे कोणी लक्षात घेत नाही.

मग डबाच बदलला. आईला सांगितलं, पोळीभाजी वेगळी नको. दोन पोळ्यांत मटकीची कोरडी उसळ किंवा पनीरची भुर्जी गुंडाळून दे, सोबत काकडी. साडेबाराला, रांग लागायच्या आधी, जिन्यात बसून पंधरा मिनिटांत खाऊन व्हायचं. चारला पुन्हा पाच मिनिटं बाहेर: मूठभर फुटाणे, पाणी आणि दिवसाचा शेवटचा चहा. त्यानंतर चहा घेतला की रात्री झोप लांबते, आणि कमी झोपले की दुसऱ्या दिवशी मला भूक जास्त लागते. कपाळाचं ठणकणं चार दिवसांत थांबलं. संध्याकाळी वडापावच्या गाडीवरून न थांबता जाता येऊ लागलं. रात्रीचा भात बंद केला नाही, निम्मा केला आणि वरण वाढवलं.

वजनाचं आधीच सांगायला हवं होतं. रोजचा आकडा मीठ-पाण्यानेही हलतो, म्हणून सकाळी उठल्याबरोबर मोजून आठवड्याची सरासरी पाहा. माझी आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅमने उतरली. याहून वेग वाढवायला गेले तेव्हा दोन दिवसांत चारची गुंगी परत आली, म्हणून लगेच एक पोळी वाढवली.

पेपर सुरू झाल्यावर मात्र पोटभर जेवले. पहिल्या पेपरच्या सकाळी वजन 72.6 होतं, आणि कॉस्टिंगचा पेपर दुपारचा असूनही मी तो पूर्ण सोडवला.