चवथीआधीची ओली भिंत

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. वडिलोपार्जित घराच्या भिंती ओल धरत होत्या आणि चवथीला सगळे कुटुंब एकत्र येणार असल्यामुळे त्याआधी काम पुरे व्हावे अशी त्या गृहस्थांची इच्छा होती. माझा व्यवसाय म्हापशात असून स्लॅब, गच्ची आणि न्हाणीघराची गळती थांबवणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे ओल म्हटल्यावर लोकांना माझेच नाव आठवते.

घर चिऱ्याचे होते, भिंती जाड, आणि जोडणी मातीचुन्याची. ज्या खोलीत गणपती बसतो आणि वर माटोळी बांधतात, तिथे जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत गिलाव्याला पोपडे आले होते आणि त्यांच्या वरच्या कडेला क्षारांची पांढुरकी, जवळजवळ सरळ रेघ उमटली होती. कौलातून पाणी गळत असते तर डाग वरून खाली उतरले असते. इथे ओल खालून चढत होती. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले तेव्हा गिलावा पोकळ वाजला आणि एक पोपडा सुटून खाली पडला. त्याच्यामागे चिरा चिंब होता. काही वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा केला होता आणि त्याच सुमारास बाहेरचे अंगण भिंतीला भिडवून काँक्रीटचे केले होते, असे घरच्या काकींनी सांगितले. चिऱ्यात चढणारा ओलावा पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून आणि उघड्या मातीतून उडून जात असे. आता दोन्ही वाटा बंद झाल्यामुळे तो भिंतीत आणखी वर चढू लागला होता.

गृहस्थांनी 50 हजार रुपये आगाऊ देण्याची तयारी दाखवली आणि म्हणाले, "बाब, तुम्ही ते केमिकल मारा आणि वर रंग द्या, तेवढं पुरे." ते मला सहज करता आले असते आणि चवथीपर्यंत भिंत देखणी दिसलीही असती. परंतु ओल कोंडणारा आणखी एक थर चढवला की पुढच्या पावसाळ्यात पोपडे अधिक वर येणार, हे समोर दिसत असताना ते पैसे घेणे मला शक्य नव्हते. चुन्याचे काम माझ्या हातचे नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितले.

पूर्वी एकदा मी अशाच गरजूला नुसता एका कारागिराचा नंबर देऊन मोकळा झालो होतो. त्या कारागिराला वेळ नव्हता, महिनाभर त्याने फोन उचलला नाही आणि बोल माझ्याकडे आला. म्हणून या वेळी अंगणात उभा राहून आधी माझ्या मित्राला फोन केला. तो जुन्या घरांची चुन्याची कामे करतो. एका घरात गिलावा काढताना वाशाचे टोक कुजलेले सापडले, तेव्हा ते झाकून पुढे न जाता त्याने काम थांबवून मालकाला बोलावले होते. हे मी स्वतः पाहिले असल्यामुळे त्याचे नाव सुचवण्याचे धैर्य मला होते. वेळ आहे का आणि पावसात तो नेमके काय करील, एवढेच विचारले. मग गृहस्थांची परवानगी घेऊन फोटो पाठवले आणि सोबत लिहिताना डोळ्यांनी पाहिलेले एका बाजूला आणि माझा अंदाज दुसऱ्या बाजूला ठेवला, कारण माझ्या अंदाजावर विसंबून त्याने भिंत न पाहताच दर सांगावा असे मला वाटत नव्हते.

गृहस्थांनाही तीन गोष्टी स्पष्ट केल्या: दर तोच ठरवील, मधे माझे काही नाही आणि चवथीपर्यंत गिलावा होणार नाही. तिसरी गोष्ट त्यांना जड गेली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि चिंब भिंतीवर पावसाळ्यात त्याची घाई केली तर तो नीट धरत नाही, हे मित्रानेच फोनवर त्यांना शांतपणे समजावले. नंतर त्याने मला कमिशन विचारले, तेव्हा मी नाही म्हटले. एकदा ते घेतले असते, तर पुढच्या वेळी त्याचेच नाव का सुचवतो आहे हे मलाही खात्रीने सांगता आले नसते.

मित्राने पहिल्यांदा भिंतीलगतचा फूटभर काँक्रीटचा पट्टा फोडून पाण्याला उतार दिला, आतला सिमेंटचा गिलावा क्षारांच्या रेघेच्याही वरपर्यंत उतरवला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. त्या वर्षी गणपती तांबड्या, उघड्या चिऱ्यांपुढे बसला. मी दर्शनाला गेलो तेव्हा काकींनी मला भिंतीजवळ नेले आणि खालच्या चिऱ्यावर हात ठेवायला सांगितले. तो अजून गार होता, पण हाताला पाणी लागले नाही. गिलाव्याची तारीख त्यांनी मित्राशीच बोलून डिसेंबरची ठरवली होती.