तालमीवरचा माहितीपट २४ फ्रेममध्ये बसवताना

कोल्हापुरातल्या एका तालमीवर आम्ही अर्ध्या तासाचा माहितीपट केला. त्यात तीन प्रकारची दृश्यं होती. पहाटेचा व्यायाम आणि लाल मातीतल्या कुस्तीच्या जोड्या आम्ही स्वतः सिनेमाच्या कॅमेऱ्यानं सेकंदाला २४ फ्रेम या वेगानं टिपल्या होत्या. वस्तादांच्या ऐन उमेदीतली एक कुस्ती टीव्हीवर दाखवली गेली होती आणि घरच्यांनी ती व्हीएचएस कॅसेटवर धरून ठेवली होती. ती २५ फ्रेमची. आणि वस्तादांचा नातू कॉम्प्युटरवर कुस्तीचा गेम खेळतो, त्याच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग ६० फ्रेमचं. महोत्सवाला हवी होती डीसीपी, म्हणजे थिएटरमध्ये चालणारी डिजिटल प्रत, २४ फ्रेमची.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही. २४ च्या टाइमलाइनवर कुठल्याही वेगाची क्लिप टाका, ते आपल्या मनानं जवळची फ्रेम उचलतं आणि उरलेली टाकून देतं. कॉम्प्युटरच्या छोट्या स्क्रीनवर ते खपूनही जातं. पहिली चाचणी थिएटरच्या पडद्यावर घेतली तेव्हा मात्र दोन गोष्टी लपल्या नाहीत. कॅसेटमधल्या कुस्तीत कॅमेरा आखाड्याभोवती फिरायचा तेव्हा दर सेकंदाला एकदा बारीक झटका बसत होता, कारण २५ तली एक फ्रेम दर सेकंदाला गायब होती. गेमच्या दृश्यात झटका ओळखू येईल असा नव्हता, पण पहिलवान सरकताना अडखळत होता. ६० ला २४ नं भागलं की अडीच येतात. अर्धी फ्रेम उचलता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर एकदा दोन फ्रेम पुढे जातं, एकदा तीन. सरळ रेषेत समान वेगानं जाणारी वस्तू मग लंगडत चालते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला. हे सगळे वेग एकमेकांत बसतच नाहीत, तर मुळात २४ कुणी ठरवले? डोळ्याला सलग हालचाल दिसायला किमान २४ फ्रेम लागतात, हे उत्तर मी बरीच वर्षं ऐकत आलो होतो. चाचणीच्या थिएटरमध्ये एक निवृत्त ऑपरेटर काका यायचे. आयुष्य ३५ मिमीच्या मशीनवर गेलेलं. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "सेकंदात मोजू नकोस, फुटात मोज. आम्ही मिनिटाला नव्वद फूट म्हणायचो."

तिथून गाठ सुटली. ३५ मिमीच्या पट्टीवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. मिनिटाला ९० फूट म्हणजे १,४४० फ्रेम, आणि त्याला ६० नं भागलं की सेकंदाला २४. म्हणजे आकडा आधी फुटांमध्ये ठरला, फ्रेमचा हिशोब त्यातून निघाला.

मूकपटांच्या काळात एक असा वेग नव्हताच. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे. एका फेऱ्यात ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणून १६ हा ढोबळ आकडा. पण १९२० च्या दशकापर्यंत थिएटरवाले त्याहून बरंच जलद चालवू लागले होते. दिवसात एखादा खेळ जास्त बसवायचा असला की मशीन आणखी पळवायचे. चित्र थोडं घाईत दिसलं तरी प्रेक्षक सांभाळून घ्यायचा.

आवाज आला आणि ही मोकळीक संपली. वेग पाच टक्के इकडेतिकडे झाला तर डोळा माफ करतो, कान करत नाही. गाण्याचा सूरच बदलतो. वॉर्नर ब्रदर्ससाठी व्हायटाफोन ही बोलपटाची पद्धत उभी करणाऱ्या अभियंत्यांना १९२६ च्या सुमारास एक ठाम वेग हवा होता. त्यांच्यातले स्टॅन्ली वॉटकिन्स यांनी पुढे सांगितलं आहे की त्यांनी वॉर्नरच्या मुख्य प्रोजेक्शनिस्टलाच विचारलं. मोठ्या थिएटरांत मिनिटाला ८० ते ९० फूट, लहान ठिकाणी १०० आणि वरही, असं उत्तर आलं. त्यांनी ९० धरले. डोळ्यांवर प्रयोग नाहीत, तक्ते नाहीत. चालू व्यवहाराचा मधला आकडा. व्हायटाफोनमध्ये आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा. फॉक्सच्या मूव्हीटोनमध्ये तो फिल्मच्या कडेलाच छापलेला, तरी त्यांनीही पुढे हाच वेग घेतला. तिथे तर जास्त वेगाचा सरळ फायदा होता: पट्टी जितकी जोरात पळेल तितके बारीक, उंच स्वर स्वच्छ उमटतात.

काकांनी एक गोष्ट हातवारे करून दाखवली. चित्राच्या खिडकीत फिल्म दर फ्रेमला थांबते आणि पुढे उडी मारते. आवाज वाचणाऱ्या डोक्यापाशी मात्र तिला अखंड, एकसारखं सरकावं लागतं. म्हणून आवाज त्याच्या चित्रापेक्षा २० फ्रेम पुढे छापायचे, मधल्या लांबीत झटके जिरायला. एका मशीनमध्ये थांबणं आणि न थांबणं दोन्ही सांभाळायचं, तर मोटरचा वेग पक्का असल्याशिवाय इलाज नव्हता. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला तोवर जगभरचे बोलपट याच वेगाला लागले होते.

मग २४ फ्रेममध्ये पडदा लुकलुकत का नाही? कारण प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेमवर दोनदा उघडतं. चित्रं २४, पण उजेडाचे ठोके ४८. सलग हालचाल दिसणं आणि उजेड स्थिर वाटणं या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि "किमान २४" हे वाक्य त्या दोन्ही एकात कालवतं.

टीव्हीचा वेग विजेच्या तारेतून आला. आपल्याकडे आणि युरोपात वीज ५० हर्ट्झ, म्हणून टीव्हीची चित्रं २५. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून ३०. सुरुवातीच्या संचांत विजेच्या तालाशी चित्र जुळलं नाही तर पडद्यावर पट्टे सरकायचे. शिवाय प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी विषम रेषा, मग सम. म्हणजे हालचालीचे नमुने सेकंदाला ५०. आमच्या कॅसेटवरची फ्रेम थांबवून पाहिली की पहिलवानाच्या दंडाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसायच्या. त्या या दोन हप्त्यांच्या. अशी फणी दिसली की आधी ती काढायची, वेगाला नंतर हात लावायचा. उलट क्रमानं गेलात तर दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकांत कायमच्या मिसळतात.

वेगासाठी मी फ्रेम टाकायची नाही असं ठरवलं. २५ च्या २५ ठेवायच्या आणि त्या २४ च्या चालीनं चालवायच्या. क्लिप चार टक्क्यांनी लांबते. आमची ५० सेकंदांची कुस्ती ५२ सेकंदांची झाली. समालोचकाचा आवाज जड होऊ नये म्हणून त्याचा सूर तसाच ठेवून फक्त लांबी वाढवली. फणी काढणं आणि वेग बदलणं, दोन्ही ffmpeg या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमला एकाच आज्ञेत सांगितलं:

```
ffmpeg -i kusti_vhs.mov -vf "bwdif=mode=send_frame,setpts=PTS*25/24" -af "atempo=0.96" -r 24 -c:v prores_ks kusti24.mov
```

वस्तादांच्या डावातला जोर कमी तर वाटणार नाही ना, अशी मला धास्ती होती. नाही वाटला. सिनेमे टीव्हीवर दाखवताना हीच युक्ती उलटी वापरत आले आहेत: २४ चा सिनेमा २५ नं चालवायचा. त्यात १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो.

गेमचं दृश्य सगळ्यात हट्टी निघालं. सिनेमातली फ्रेम आधीच टिपलेली असते. गेममधली फ्रेम खेळणाऱ्याच्या बोटाला उत्तर म्हणून त्या क्षणी तयार होते. ६० ला प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, २४ ला ४१.७. नातवाला मी सेटिंगमध्ये वेग ३० वर आणून खेळायला सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "दादा, हात जड झाले." दिसण्याआधी त्याला तो फरक बोटांत कळला होता. म्हणून गेमवाले जास्त फ्रेमसाठी भांडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरी अडचण धूसरपणाची. २४ फ्रेमवर कॅमेऱ्याचं शटर नेहमी १/४८ सेकंद उघडं असतं, तेवढ्यात हात हलतो आणि त्याची कड पुसट होते. तो पुसटपणाच दोन फ्रेममधलं अंतर भरून काढतो. गेमची फ्रेम मात्र बहुधा एका क्षणाचं कोरीव चित्र असतं. तशी चित्रं सेकंदाला २४ दाखवली की हालचाल तुकड्यातुकड्यांत दिसते. आम्ही ग्राफिक्स खाली आणून तोच सामना १२० फ्रेमवर पुन्हा रेकॉर्ड केला. १२० ला २४ नं भागलं की नेमके पाच येतात, लंगडणं गेलं. आणि दर पाचांतल्या तिघांची सरासरी काढून एक फ्रेम केली, म्हणजे १/४० सेकंदाचा पुसटपणा आला, कॅमेऱ्याच्या जवळपासचा.

```
ffmpeg -i game120.mov -vf "tmix=frames=3,fps=24" -c:v prores_ks game24.mov
```

फार वेगवान फेकीत अजून एका हाताचे तीन हात दिसतात, तेवढी या उपायाची मर्यादा. तशी दोन दृश्यं मी काढून टाकली.

आमच्या स्वतःच्या शूटिंगमध्येही वीज आडवी आली होतीच. तालमीतल्या जुन्या ट्यूब ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/४८ वर ठेवलं की २४ फ्रेममध्ये उजेड सेकंदाला चार वेळा हलका धडधडतो. शटर १/५० केलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत १७२.८ अंश, की प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके मावतात आणि भिंत स्थिर होते. आम्ही रेकी करतानाच हे तपासलं होतं, त्यामुळे एडिटमध्ये त्रास झाला नाही.

४८ फ्रेम केल्या तर यातलं बरंच सुटेल, असं मला मित्र म्हणतात. २०१२ मध्ये 'द हॉबिट' काही थिएटरांत ४८ नं दाखवला गेला आणि अनेकांना तो टीव्हीसारखा वाटला. मला वाटतं नव्वद वर्षांहून जास्त काळ आपण कथा या वेगात पाहिल्या, म्हणून ही चाल डोळ्यांत मुरली आहे. माहितीपटासाठी मी आजही २४ च निवडेन, पण खेळाच्या थेट प्रक्षेपणाला ५० च हवेत.

शेवटच्या चाचणीत एकच दृश्य उरलं: तालमीच्या भिंतीवरचे फोटो दाखवत कॅमेरा डावीकडून उजवीकडे जातो. तिथे कुठलंच रूपांतर नव्हतं, तरी फोटोंच्या चौकटी थरथरत होत्या. २४ फ्रेमची ही जुनी मर्यादा. एखादी वस्तू पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला सात सेकंद तरी घेईल इतक्या संथपणे कॅमेरा फिरवायचा, असा छायाचित्रकारांचा आडाखा आहे. आमच्या दृश्यात चौकट साधारण चार सेकंदांत पार होत होती. आम्ही पुन्हा तालमीत गेलो, ट्यूब लावल्या, शटर १७२.८ वर ठेवलं आणि घड्याळ हातात धरून, चौकट आठ सेकंदांत पार होईल इतक्या संथपणे तो शॉट घेतला. डीसीपीत तोच गेला.