आमचा नो-गो

आज तुर्भ्याच्या गोदामात स्कॅनरचा तीन आठवड्यांचा पायलट संपला. चुका शंभर ऑर्डरमागे एक. आम्ही आधीच लिहून ठेवलेली मर्यादा दोन. साहेब लगेच बाकीच्या गोदामांच्या तारखा ठरवायला बसले!

मी आकडे पाळीप्रमाणे वेगळे केले. दिवसा जवळजवळ शून्य, रात्री शंभरात पाच. रात्री ऑर्डरच कमी, म्हणून सरासरीत लपल्या. मागच्या रॅकजवळ वायफाय तुटतं. दिवसा व्हेंडरचा पोरगा धावत येऊन जोडून देतो, रात्री "दादा, कागदावर लिहितो, सकाळी चढवू." तो पोरगा बाकीच्या गोदामांत कुठून आणणार?

म्हणून नो-गो. साहेब जरा घुश्शातच आहेत. रॅकजवळ नवा ॲक्सेस पॉइंट लावून, व्हेंडरशिवाय, दोन आठवडे फक्त रात्रपाळी. माझीही. घरी अजून सांगितलेलं नाही.