क्रियापद लॉकस्क्रीनच्या बाहेर राहिलं

ग्रंथालयाच्या अ‍ॅपमध्ये एक साधं नोटिफिकेशन होतं. वाचकाने राखून ठेवलेलं पुस्तक परत आलं की त्याला कळवायचं. मजकूर माझ्याकडे आला तेव्हा तो असा होता. टायटल: "ग्रंथालयाकडून महत्त्वाची सूचना". बॉडी: "प्रिय वाचक, आपण राखून ठेवलेले (पुस्तकाचे नाव) हे पुस्तक आपल्यासाठी उपलब्ध झाले असून शनिवारपर्यंत घेऊन जावे ही विनंती." व्याकरण बिनचूक, सूर सभ्य. तरी राखीव पुस्तकं मुदत संपेपर्यंत काउंटरमागच्या कपाटात पडून राहत होती आणि ग्रंथपाल मॅडम मला दर आठवड्याला ते सांगत होत्या.

मी स्वतःच्या नावावर एक पुस्तक राखलं, फोन लॉक केला आणि वाट पाहिली. अँड्रॉइडच्या मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये बॉडीची एकच ओळ दिसली: "प्रिय वाचक, आपण राखून ठेवलेले…" पुस्तक आलं, की रद्द झालं, की दुसऱ्या कोणाला गेलं? काही पत्ता नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि लॉकस्क्रीन शेवटच कापते. बातमी नेमकी त्या कापलेल्या भागात होती. वर टायटलची ओळ "ग्रंथालयाकडून" या शब्दावर खर्ची पडली होती, आणि अ‍ॅपचं नाव तर फोन स्वतःच दाखवतो.

आधी मी तांत्रिक उपाय शोधला. अँड्रॉइडमध्ये `BigTextStyle` लावला की पूर्ण मजकूर दिसतो, पण तो नोटिफिकेशन उघडून मोठं केल्यावर. मिटलेल्या अवस्थेत एकच ओळ राहते. आयफोनवर बॉडीला जास्त ओळी मिळतात, म्हणून तिथे पाहून मजकूर ठरवला की अँड्रॉइडवाले वाचक हमखास अडकतात. वाक्यच बदलायला हवं होतं.

मग अक्षरं मोजायला बसलो आणि तिथेही फसलो. "क्षि" हे डोळ्यांना एक अक्षर आहे, पण जावास्क्रिप्टमध्ये त्याची `length` 4 येते: क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यामुळे "इतक्या अक्षरांत बसवा" असा कोडमधला नियम जोडाक्षरं असलेल्या ओळीला उगाच नापास करत होता, आणि रुंद अक्षरांची ओळ मात्र पास होऊनही पडद्यावर मावत नव्हती. तो नियम मी काढून टाकला. त्याऐवजी आमच्याकडचा सगळ्यात अरुंद फोन घेतला, त्यात अक्षरांचा आकार मोठा केला आणि प्रत्येक मजकूर त्याच्यावर पाठवून डोळ्यांनी पाहिला. बरेच वयस्क वाचक अक्षर मोठं करूनच फोन वापरतात, त्यामुळे ही चाचणी खरी होती.

नवं टायटल तीन शब्दांचं झालं: "राखीव पुस्तक आलं". छोट्या वाक्यात क्रियापद शेवटी असलं तरी बिघडत नाही, कारण शेवट पडद्यावरच असतो. बॉडीत बदलणारी गोष्ट, म्हणजे पुस्तकाचं नाव, मी शेवटी नेली. नाव कधी दोन शब्दांचं असतं, कधी उपशीर्षकासकट दोन ओळींचं. ते मध्ये आलं की पुढचं सगळं ढकलून देतं. शेवटी असलं तर कापलं गेलं तरी वाचक ओळखतो, कारण ते त्याने स्वतःच राखलेलं असतं.

नाव बॉडीत ठेवण्याचं आणखी एक कारण होतं. लॉकस्क्रीन टेबलावर पडलेली असते आणि घरातलं कोणीही ती वाचतं. एखाद्याने घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक राखलं असेल तर? फेस आयडी असलेल्या आयफोनवर मूळ सेटिंगनुसार मालकाने पाहिल्याशिवाय मजकूर झाकलेला राहतो, आणि `hiddenPreviewsShowTitle` हा पर्याय दिला तर तेवढं टायटल उघडं दिसतं. तो आम्ही दिला. म्हणून टायटल असं हवं होतं, जे कोणीही वाचलं तरी चालेल. अँड्रॉइडवर `VISIBILITY_PRIVATE` ठेवून `setPublicVersion` मध्ये तेवढीच तीन शब्दांची ओळ दिली. ज्याने फोनमध्ये खाजगी मजकूर झाकून ठेवला आहे, त्याला लॉक असताना तीच दिसते.

दरम्यान एका सहकाऱ्याने "तुमच्यासाठी आनंदाची बातमी!" हे टायटल सुचवलं. आम्ही ते काही दिवस चालवलं. लोकांनी उघडलं खरं, पण त्यासोबत नोटिफिकेशन बंद करणारेही वाढले, आणि हे नुकसान भरून निघत नाही: आयफोनवर एकदा नकार मिळाला की अ‍ॅपला पुन्हा तो प्रश्न विचारता येत नाही, वाचकाने स्वतः सेटिंगमध्ये जायला हवं. मी ते टायटल काढायला लावलं आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. माणसाला उघडावंसं वाटायला आत खरंच काहीतरी लागतं. आमच्याकडे ते होतं, पण मजकुरात कुठेच नव्हतं: अ‍ॅपमधून राखीव पुस्तकाची मुदत दोन दिवसांनी वाढवता येते. शनिवारी ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी हीच कामाची गोष्ट.

```json
{
  "aps": {
    "alert": {
      "title": "राखीव पुस्तक आलं",
      "body": "शनिवारपर्यंत ठेवलंय, मुदत वाढवता येईल: प्राथमिक अवकाशविज्ञान"
    },
    "category": "HOLD_READY"
  }
}
```

अरुंद फोनवर यातलं "शनिवारपर्यंत ठेवलंय" नक्की दिसतं, पुढचं कापलं गेलं तरी चालतं.

यानंतर उघडणाऱ्यांचा आकडा थोडा खाली आला आणि मी धास्तावलो. मॅडमना विचारलं तर कपाट रिकामं होत होतं. लोक लॉकस्क्रीनवर वाचूनच काउंटरवर येत होते, उघडायची गरज फक्त मुदत वाढवणाऱ्यांना होती. तेव्हापासून आम्ही "किती जणांनी उघडलं" याआधी "किती पुस्तकं मुदतीत गेली" हे पाहतो.

एक चूक मात्र वाचकांमुळेच कळली. आठवणीच्या नोटिफिकेशनमध्ये मी "उद्या शेवटचा दिवस" असं लिहिलं होतं. एका वाचकाचा फोन रात्रभर बंद होता, सकाळी सुरू झाल्यावर नोटिफिकेशन आलं, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी आला. पुस्तक पुढच्या वाचकाला गेलेलं. फायरबेसवर मुदत दिली नाही तर नोटिफिकेशन पोहोचवण्याचा प्रयत्न चार आठवड्यांपर्यंत चालू राहतो, हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता "आज" आणि "उद्या" हे शब्द आमच्या मजकुरात नाहीत, वाराचं नाव असतं. शिवाय अँड्रॉइडला `ttl` आणि आयफोनला `apns-expiration` देतो, म्हणजे मुदत उलटल्यावर आठवण पोहोचतच नाही.

त्याच आठवणीत दुसरा दोष होता. `apns-collapse-id` मध्ये मी वाचकाचा क्रमांक टाकला होता, त्यामुळे दोन पुस्तकं राखणाऱ्याच्या फोनवर दुसरं नोटिफिकेशन पहिल्याला पुसून टाकत होतं. आता तिथे राखणीचा क्रमांक जातो. आठवण आली की फक्त त्याच पुस्तकाची जुनी ओळ बदलते, आणि टायटल होतं: "शनिवार शेवटचा दिवस".